दोन सारख्या बेरजेचे गट: नॅपसॅक टेबलाचा कोड नमुन्यांवर बरोबर, सबमिट केल्यावर चूक

पहाटवारा · रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मुलाखतींची तयारी चालू आहे. लीटकोडवरच्या ४१६ क्रमांकाच्या प्रश्नावर दोन दिवस अडकले आहे. प्रश्न असा: धन पूर्णांकांचा एक ॲरे दिलाय, त्याचे सारख्या बेरजेचे दोन गट पडतात का, एवढंच हो किंवा नाही सांगायचं.

विचार मला पटलेला आहे. एकूण बेरीज विषम असेल तर प्रश्नच मिटला. सम असेल तर निम्मी बेरीज काढायची आणि काही संख्या निवडून बरोबर तेवढी जमते का ते पाहायचं. एका गटाला निम्मं मिळालं की उरलेल्यांचं आपोआप निम्मं होतं. म्हणजे ही पिशवीच झाली, पिशवीचं माप म्हणजे निम्मी बेरीज. माझा कोड:

```python
def can_partition(nums):
    total = sum(nums)
    if total % 2:
        return False
    half = total // 2
    dp = [False] * (half + 1)
    dp[0] = True
    for x in nums:
        for s in range(x, half + 1):
            if dp[s - x]:
                dp[s] = True
    return dp[half]
```

प्रश्नासोबत दिलेले दोन्ही नमुने बरोबर येतात. `[1,5,11,5]` ला हो, `[1,2,3,5]` ला नाही. सबमिट केलं की मात्र चूक दाखवतं. `[1,2,5]` घेऊन पाहिलं तर माझा कोड हो म्हणतो. बेरीज ८, निम्मं ४, आणि यातून ४ कुठूनच जमत नाही हे डोळ्यांना दिसतंय. मग टेबलाला ते ४ मिळालं कुठून?

---

रिकामी_चौकट · रात्री ११:०५

एवढं टेबल कशाला मांडताय? डावीकडून बेरीज करत जा. चालू बेरीज निम्म्याला आली की तिथे ॲरे कापा, दोन भाग सारखे. एकाच फेरीत काम होतं. आमच्याकडे कॉलेजच्या परीक्षेत हेच विचारलं होतं.

---

थेट_उत्तर · रात्री ११:१८

पहाटवारा, चूक एका ओळीच्या टेबलात आहे. जागा वाचवायच्या नादात लोक एकच ओळ ठेवतात आणि मग फसतात. सरळ दोन मितींचं टेबल घ्या. संख्येला एक ओळ, बेरजेला एक रकाना. तिथे लूप कुठल्याही दिशेने फिरवा, काही बिघडत नाही. ही ओळ वापरा:

```python
dp[i][s] = dp[i-1][s] or (s >= x and dp[i][s-x])
```

---

पहाटवारा · रात्री ११:४०

@रिकामी_चौकट, सलग तुकडे पाडायचे असते तर तुमचं बरोबर होतं, पण इथे संख्या कुठूनही उचलता येतात. `[4,3,7,6,2]` घ्या. चालू बेरीज ४, ७, १४, २०, २२ अशी जाते, त्यात ११ कधीच येत नाही. तरी ४ आणि ७ एका गटात घेतले की ११, आणि ३, ६, २ दुसऱ्या गटात, तेही ११.

@थेट_उत्तर, तुमची ओळ घालून पाहिली. `[1,2,5]` ला अजूनही हो येतंय!

---

सह्यकडा · रात्री ११:५८

पहाटवारा, तुझा प्रश्न फार नेमका आहे, ४ आलं कुठून. आता तेच हाताने शोधू. तुझ्या लूपमध्ये पहिली संख्या १ आल्यावर काय होतं ते एक एक पाऊल बघ.

सुरुवातीला फक्त `dp[0]` खरं आहे, म्हणजे काहीच न उचलता शून्य जमतं. आता x = 1. s = 1 ला `dp[0]` खरं, म्हणून `dp[1]` खरं झालं. हे बरोबर. लूप पुढे सरकला, s = 2. तिथे तू `dp[1]` वाचतेस. ते खरं आहे, पण ते आत्ताच, याच १ मुळे खरं झालंय. तू मात्र ते "आधीच्या संख्यांमधून जमलेलं" समजून त्यात पुन्हा तोच १ घातलास. २ झालं. मग ३. मग ४. पहिली संख्या संपायच्या आत अख्खं टेबल खरं झालं. २ आणि ५ यांना बघायची पाळीसुद्धा आली नाही.

म्हणजे तुझं टेबल चुकीचं नाही, ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतंय. प्रत्येक नाणं हवं तितक्या वेळा वापरता आलं तर ही रक्कम जमेल का, असा तो प्रश्न. सुट्ट्या पैशांच्या प्रश्नाला हाच लूप बरोबर आहे.

उपाय एका ओळीचा आहे. मोठ्या बेरजेकडून लहानीकडे ये.

```python
for s in range(half, x - 1, -1):
```

आता s ला हात लावतेस तेव्हा `s - x` हा खाना या फेरीत अजून बदललेलाच नसतो, कारण तो डावीकडे आहे आणि तू उजवीकडून येते आहेस. वाचलेली प्रत्येक गोष्ट आधीच्या संख्यांपुरतीच असते.

`[1,2,5]` ला १ नंतर 0, 1 खरे. २ नंतर 0, 1, 2, 3. ५ हा ४ पेक्षा मोठा, त्यामुळे त्याचा लूप फिरतच नाही. ४ खोटंच राहिलं.

@थेट_उत्तर, दोन मितींच्या टेबलात दिशा महत्त्वाची नसते हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण ते कशामुळे खरं ठरतं ते तुमच्या ओळीत निसटलं. शेवटी `dp[i][s-x]` आहे, तिथे `dp[i-1][s-x]` हवं. वरची ओळ वाचली तर ती जुनी, म्हणून दिशा कुठलीही चालते. त्याच ओळीत मागे पाहिलं की तोच १ पुन्हा पुन्हा. पहाटवाराचा दोष तुमच्या टेबलात जसाच्या तसा उतरलाय.

---

थेट_उत्तर · सकाळी ७:२२

मान्य, `i-1` हवं होतं. रात्री घाईत लिहिलं आणि चालवून पाहिलं नाही.

पण माझा मूळ आग्रह कायम आहे. मुलाखतीत आधी दोन मितींचं टेबल मांडावं. काय वाचतोय आणि काय लिहितोय ते समोरच्याला कागदावर दिसतं. जास्तीत जास्त २०० संख्या, प्रत्येकी १०० पर्यंत. निम्मं १०,००० च्या वर जात नाही. २० लाख खाने, त्याची काळजी करायचं कारण नाही.

---

सह्यकडा · सकाळी ८:०१

मी एका ओळीनेच सुरुवात करते. उलटा लूप का, हे ज्याला सांगता येतं त्याला टेबल कळलेलं असतं. इथे आपलं जमणार नाही आणि त्याने काही बिघडतही नाही.

पहाटवारा, नमुने का पास झाले तेही पाहून ठेव. `[1,5,11,5]` चं उत्तर हो आहे, आणि तुझ्या लूपची चूक एकाच बाजूला जाते. तो खऱ्या हो ला कधी नाही म्हणत नाही, फक्त नाही ला हो म्हणतो. `[1,2,3,5]` ची बेरीज ११, विषम, त्यामुळे तिथे टेबलापर्यंत गाडी पोचतच नाही. म्हणजे दोन्ही नमुन्यांनी तुझ्या लूपची परीक्षाच घेतली नाही. अशा वेळी स्वतः नमुना बनवायचा तो बेरीज सम आणि उत्तर नाही असा.

---

उत्तररात्र · सकाळी ९:१५

याहून लहान नमुना आहे: `[1,3]`. बेरीज ४, निम्मं २. चढता लूप १ आणि १ मिळून २ करतो आणि हो म्हणतो.

उलट असंही म्हणता येईल की ॲरेत एक जरी १ असेल आणि बेरीज सम असेल, तर चढता लूप नेहमी हो म्हणणार. एकट्या १ ने तो कुठलीही बेरीज गाठतो. चूक शोधायला यापेक्षा सोपी खूण नाही.

दिशेची भानगडच नको असेल तर पायथनमध्ये अख्खं टेबल एका मोठ्या पूर्णांकात ठेवता येतं. s वा बिट १ असेल तर s ही बेरीज जमते.

```python
bits = 1
for x in nums:
    bits |= bits << x
print(bits >> half & 1)
```

उजवीकडचं `bits << x` आधी पूर्ण काढलं जातं, तेही जुन्या `bits` वरून. मग ते जुन्यात मिसळतं. त्यामुळे एकच x दोनदा जायला फटच उरत नाही.

---

कृष्णाकाठ · सकाळी १०:३०

मी प्रोग्रॅमिंगवाला नाही, डिप्लोमा मेकॅनिकलचा, सांगलीत हळदीच्या व्यापारात आहे. पण हा धागा वाचून थांबलो, कारण हेच आमचं रोजचं काम आहे. पायथन थोडं शिकलोय, हिशेबापुरतं.

आमच्याकडे माल निघतो तेव्हा २६ पोती दोन छोट्या टेम्पोंत वाटायची असतात. पोतं सरासरी ५० किलोचं, पण कुठलं ४३, कुठलं ५७. एकूण १,३०० किलोच्या आसपास. एक टेम्पो जास्त भरला की घाटात त्रास होतो आणि ड्रायव्हर कुरकुर करतो. आम्ही असं करतो: सगळ्यात जड पोतं आधी, मग पुढचं पोतं ज्या टेम्पोत वजन कमी आहे त्यात. शेवटी फरक राहतोच, कधी ४ किलो, कधी ६. माझा समज होता की याहून बरं वाटप होतच नाही.

दोन प्रश्न. एक, आमची रीत चुकीची आहे का? दोन, आमची वजनं ४९.३५ किलो अशी असतात आणि बरोबर निम्मं होणं शक्य नसतं. मग हे टेबल माझ्या कामाचं आहे का?

---

सह्यकडा · सकाळी ११:१०

कृष्णाकाठ, तुमची रीत वाईट नाही, जवळपास नेते. पण ती आधी घेतलेला निर्णय परत तपासत नाही. वरचाच `[4,3,7,6,2]` तुमच्या रीतीने करून बघा. ७ एका टेम्पोत, ६ दुसऱ्यात. ४ जाणार ६ च्या सोबत, झाले १०. ३ जाणार ७ च्या सोबत, तिकडेही १०. राहिला २, तो कुठेही टाका, १२ आणि १० होणार. खरं वाटप ११ आणि ११ आहे, पण त्यासाठी ४ ला ७ च्या सोबत बसवावं लागतं, आणि तुमची रीत त्या वेळी ४ ला हलक्या टेम्पोतच टाकते.

दुसरा प्रश्न. टेबल तुमच्या कामाचं आहेच. बरोबर निम्मं खोटं निघालं तर निम्म्यापासून डावीकडे एक एक खाना सरकत या. पहिला खरा खाना सापडेल ती हलक्या टेम्पोची सगळ्यात मोठी शक्य बेरीज. एकूण वजनातून तिची दुप्पट वजा केली की उरतो तो फरक. त्याहून कमी फरकाचं वाटप अस्तित्वातच नसतं, टेबलाने सगळ्या निवडी पाहून झालेल्या असतात.

वजनं मात्र दशांशात ठेवू नका. टेबलाचे खाने मोजायला पूर्ण संख्या लागतात, शिवाय संगणकात ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, त्यामुळे बरोबर निम्मं असूनही तुलना खोटी पडू शकते. तुमचा काटा किती ग्रॅमने सरकतो?

---

कृष्णाकाठ · सकाळी ११:२४

५० ग्रॅमने.

---

सह्यकडा · सकाळी ११:३३

मग फारच सोपं झालं. ५० ग्रॅम म्हणजे १. ४९.३५ किलोचं पोतं म्हणजे ९८७. एकूण साधारण २६,०००, निम्मं १३,०००. २६ पोती, प्रत्येकाला १३,००० खाने, म्हणजे सुमारे ३ लाख ३८ हजार पावलं. हे ग्रॅममध्ये केलं असतं तर तेच काम ५० पट झालं असतं आणि उत्तरात कणभरही फरक पडला नसता, कारण काट्याला मधली वजनं दिसतच नाहीत.

आणि एक अंदाज आधीच सांगते. २६ पोत्यांतून निवडी होतात २ चा २६ वा घात, म्हणजे ६ कोटी ७१ लाखांहून जास्त, आणि त्यांना बसायला बेरजा फक्त २६ हजार. एकेका बेरजेवर हजारो निवडी येतात. तुमच्या मालात बरोबर निम्मं, किंवा बेरीज विषम असेल तर ५० ग्रॅमचा फरक, हे जवळपास नक्की मिळेल. ५ किलोचा फरक हा मालाचा दोष नाही, वाटायच्या रीतीचा आहे.

---

उत्तररात्र · दुपारी १२:५०

एक धोका इथे लिहून ठेवतो, नाहीतर कुणी हे टेबल सगळीकडे वापरायला जाईल. अशी दोन भागांत वाटणी होते का, हा प्रश्न रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दिलेल्या २१ अवघड प्रश्नांच्या यादीत आहे. त्यामुळे टेबल झटपट चालतं हे पाहून तो सोपा आहे असं कुणी समजू नये. टेबलाची पावलं संख्यांच्या आकारावर जातात, ॲरे किती लांब आहे एवढ्यावर नाही. प्रत्येक संख्येला उजवीकडे एक शून्य लावा, लिहायला एकच अंक वाढला, टेबल मात्र दहापट झालं. ४० संख्या आणि प्रत्येक १२ अंकी असेल तर टेबल विसरा.

तिथे मी ॲरेचे २० आणि २० असे दोन तुकडे करतो. प्रत्येक तुकड्याच्या सगळ्या बेरजा काढायच्या, त्या १०,४८,५७६ होतात. एका तुकड्यातली बेरीज घ्यायची आणि निम्म्याला जेवढं कमी पडतं तेवढं दुसऱ्यात शोधायचं. यात संख्या किती मोठ्या आहेत याने फरक पडत नाही.

---

थेट_उत्तर · दुपारी १:३५

शून्यं लावलेल्या उदाहरणात सगळ्या संख्यांना १० ने भाग दिला की टेबल पुन्हा लहान होतं की. कृष्णाकाठ यांच्या ५० ग्रॅमसारखंच.

---

उत्तररात्र · दुपारी १:५२

हो, सगळ्यांना भाग जाणारी संख्या मिळाली तर आधी भाग द्यावाच. पण १२ अंकी ४० आडव्यातिडव्या संख्या असतील तर असा सामाईक भाजक बहुतेक १ च निघतो.

---

पहाटवारा · दुपारी ३:०६

उलटा लूप घातला, सबमिशन पास झालं! सह्यकडा ताई, मनापासून आभार.

पुढचा प्रश्न. फक्त हो म्हणून कृष्णाकाठ काकांचं काम होणार नाही, कुठलं पोतं कुठे ते हवं. दोन मितींच्या टेबलात खालच्या ओळीतून वर चढत शोधता येतं. एका ओळीत ती माहिती पुसली जाते ना? मी असं केलं: कुठल्या संख्येमुळे s जमला ते `kon[s]` मध्ये लिहिलं. पण `[1,1,1,1]` ला मागे चालत गेले तर शेवटचाच १ दोनदा येतो.

---

सह्यकडा · दुपारी ३:४०

बरोबर जागेवर आलीस. तू `kon[s]` प्रत्येक वेळी नव्याने लिहीत असणार. चौथा १ आला तेव्हा `kon[2]` आणि `kon[1]` दोन्हींत त्याचंच नाव पडलं. २ पासून मागे निघालीस, चौथा १ उचलला, १ वर आलीस, तिथेही चौथाच बसलेला.

नाव पहिल्यांदा जमतं तेव्हाच लिही, नंतर हात लावू नकोस.

```python
for i, x in enumerate(nums):
    for s in range(half, x - 1, -1):
        if dp[s - x] and not dp[s]:
            dp[s] = True
            kon[s] = i
```

हे का चालतं ते बघ. `kon[s]` मध्ये i लिहिलं त्या क्षणी `s - x` आधीच जमलेलं होतं, तेही i च्या आधीच्या संख्यांनी. त्यामुळे `kon[s - x]` हा i पेक्षा लहानच असतो. मागे चालताना क्रमांक घटत जातो, तीच संख्या परत भेटू शकत नाही.

`[4,3,7,6,2]` घे. ४ आला, 4 जमला. ३ आला, 7 आणि 3 जमले. मग ७ आला, 11 आणि 10 जमले. 7 हा खाना आधीच ४ आणि ३ नी भरलेला आहे, त्यामुळे त्यावर या ७ चं नाव पडत नाही. 11 वर तिसऱ्या संख्येचं, म्हणजे ७ चं नाव आहे. ती वजा केली, 4 वर आलो, तिथे पहिली संख्या. झाला गट. उरलेले ३, ६, २ दुसरीकडे.

निम्मं खोटं असेल तर मागे निघायचं ते डावीकडच्या पहिल्या खऱ्या खान्यापासून.

---

कृष्णाकाठ · रात्री ८:१५

आजच्या मालावर चालवलं. एकूण २६,०११ आलं, विषम. निम्मं १३,००५ आणि तो खाना खरा! एका टेम्पोत ६५०.२५ किलो, दुसऱ्यात ६५०.३०. फरक ५० ग्रॅम. ताई, तुमचा अंदाज तंतोतंत बरोबर निघाला. यादी छापून हमालांच्या हातात दिली. एवढी वर्षं दर खेपेला ४ किलो, ५ किलो सोडत होतो.

एक अडचण उरली. यादीत एका टेम्पोत १२ पोती आली आणि दुसऱ्यात १४. आमचे हमाल पोत्यावर पैसे घेतात, दोन टोळ्या असतात, त्यांना सारखी पोती हवीत. १३ आणि १३ असं सांगता येईल का?

---

उत्तररात्र · रात्री ८:५८

येईल. वर जो एक पूर्णांक होता तसे १४ ठेवा. `w[k]` म्हणजे बरोबर k पोती घेऊन कुठकुठल्या बेरजा जमतात. शेवटी `w[13]` मध्ये निम्म्याचा बिट बघा, नसेल तर डावीकडे सरका. तुमची पोती एकूण २६ आहेत, त्यामुळे एका बाजूला १३ पोती निघाली की दुसरीकडे १३ च.

२६ मधून १३ निवडायच्या रीती १,०४,००,६०० आहेत. इथेही ५० ग्रॅमपर्यंत जाल असं मला वाटतं.

---

कृष्णाकाठ · रात्री ९:४४

हे लिहिलं. १३,००५ चा बिट खरा येतोय. बरोबर आहे का कुणी बघेल का? उद्या पहाटे पाचला भरणी आहे.

```python
w = [0] * 14
w[0] = 1
for x in poti:
    for k in range(0, 13):
        w[k + 1] |= w[k] << x
```

---

पहाटवारा · रात्री ९:५९

काका, थांबा. k चढता चाललाय.

x आलं की आधी `w[1]` मध्ये हे पोतं गेलं. लगेच k = 1 ला तुम्ही तोच नवा `w[1]` वाचून त्यात परत हेच पोतं घालताय, म्हणजे `w[2]` मध्ये एकच पोतं दोनदा. उत्तररात्र यांनी सांगितलेली एका `bits` ची सोय इथे पुरत नाही. एका ओळीच्या आत पोतं दोनदा जात नाही, पण ओळीवरून ओळीवर जातं. माझीच परवाची चूक, फक्त s ऐवजी k मध्ये.

पहिलं पोतं झाल्यावर लूप थांबवून `w[2].bit_length()` छापून बघा. एकाच पोत्याने दोन पोती होऊ शकत नाहीत, तिथे 0 यायला हवं.

---

कृष्णाकाठ · रात्री १०:०६

1975 आलं. पहिलं पोतं ९८७ चं आहे.

---

पहाटवारा · रात्री १०:११

म्हणजे १९७४ वा बिट लागलाय, आणि १९७४ म्हणजे ९८७ ची दुप्पट. तेच पोतं दोनदा. हे घाला:

```python
    for k in range(12, -1, -1):
```

---

कृष्णाकाठ · रात्री १०:२०

आता पहिल्या पोत्यानंतर 0 येतंय. सगळी पोती घालूनही `w[13]` मध्ये १३,००५ खरं आहे, पण आता ते खरोखरच्या १३ पोत्यांचं. पोरी, फार उपकार झाले.

पण कुठली १३, हे यातून कसं काढू?

---

सह्यकडा · रात्री १०:४१

पहाटवारा, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंस.

कृष्णाकाठ, इथे `kon` ला दोन आकडे लागतील, पोती किती आणि बेरीज किती. `kon[k][s]`, पहिल्यांदा जमलं तेव्हाच लिहायचं, आणि मागे जाताना वजनासोबत k सुद्धा एकने कमी करायचा. १४ ओळी आणि १३,००६ खाने, दीड-दोन लाख आकडे, तुमच्या लॅपटॉपला जड नाही. मात्र शेवटी उरलेल्या नुसत्या बिटांतून हे कळणार नाही, साधा `dp[k][s]` घेणं सोपं, आणि k व s दोन्ही उलटे फिरवा. s ला उलटं फिरवायची खरं तर गरज नाही, कारण k उलटा असला की वाचली जाणारी k ची ओळ जुनीच असते. तरी मी फिरवेन.

---

थेट_उत्तर · रात्री १०:५५

किंवा तीन मितींचं घ्या, पोत्याला एक थर. दिशा बघायलाच नको. या वेळी चालवून सांगतोय, १,००० च्या आतल्या १० संख्यांवर दोन्ही रीतींची उत्तरं सारखी आली.

---

कृष्णाकाठ · रात्री ११:०२

`kon[k][s]` चं लिहायला बसलोय. पहाटेपर्यंत झालं तर १३-१३, नाहीतर १२-१४ ची यादी आहेच.

अजून एक गोष्ट राहून राहून मनात येते. काही पोती वाटेत कराडला उतरवायची असतात आणि ती एकाच टेम्पोत हवीत. त्यांची वजनं आधीच एकत्र करून एक मोठं पोतं धरलं तर चालेल का? मग पोत्यांची संख्या कशी मोजायची?